आजीचं काळं कुंकू

फोटोतल्या आजीच्या कपाळावरचं कुंकू काळं आहे. करडं नव्हे, अगदी केसांइतकं काळं. फोटो १९४१ सालचा, सांगलीतल्या एका स्टुडिओत काढलेला. मागच्या पुठ्ठ्यावर आजोबांच्या हस्ताक्षरात साल लिहिलेलं आहे. आजोबा कोट-धोतर-रुमालात खुर्चीवर, शेजारी आजी नऊवारी लुगड्यात, दोघांच्या मधे उभे असलेले बाबा, आणि आजीच्या मांडीला टेकलेली चार वर्षांची आत्या. मागे रंगवलेला पडदा, खाली सतरंजी. असा फोटो निम्म्या महाराष्ट्राच्या भिंतींवर आहे.

हा फोटो रंगीत करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी छपाईच्या धंद्यातली. आयुष्य प्री-प्रेसमध्ये, म्हणजे छापायला जाण्याआधी चित्रं आणि पानं तयार करण्यात गेलं. लोकांच्या लग्नपत्रिकांपासून देवांच्या कॅलेंडरांपर्यंत सगळ्यांचे चेहरे मी स्क्रीनवर सुधारले आहेत, त्यामुळे घरच्यांच्या दृष्टीने हे अर्ध्या दिवसाचं काम. ‘आजीच्या साडीला छान रंग दे, आजोबांचा कोट काळा, झालं.’ पण मी आधी बघत बसले ते कुंकू. सवाष्ण बाई, तीही नवऱ्याशेजारी बसून फोटो काढून घ्यायला आलेली, काळं कुंकू लावून येणार नाही. म्हणजे लालच होतं. लाल जर इतकं काळं उतरलं असेल, तर या फोटोत आणखी काय काय खोटं उतरलंय हे कळल्याशिवाय रंगाला हात लावण्यात अर्थ नव्हता.

गोष्ट फिल्मची आहे. फिल्मच्या आधी फोटो लेप लावलेल्या काचांवर निघायचे, आणि सुरुवातीच्या या काचा फक्त निळा प्रकाश ‘बघायच्या’. १८७३ मध्ये हर्मन फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की लेपात योग्य रंगद्रव्य मिसळलं तर त्याला हिरवाही दिसायला लागतो. यातून ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म आल्या. त्यांना निळा दिसतो, हिरवा-पिवळा दिसतो, लाल मात्र जवळजवळ दिसत नाही. लालही बघणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ पासून बाजारात होत्या, पण ऑर्थोचा एक मोठा फायदा होता. तिला लाल दिसत नसल्यामुळे डार्करूममध्ये लाल दिवा लावून, निगेटिव्ह कशी उमटतेय ते डोळ्यांनी बघत धुता यायची. पॅनक्रोमॅटिक धुवायची तर जवळजवळ पूर्ण अंधारात, घड्याळाच्या हिशेबाने. हाताशी फार साधनं नसलेला स्टुडिओवाला जुन्या फिल्मला का चिकटून राहिला असेल, हे समजण्यासारखं आहे.

आजीचं कुंकू हाच आमच्या फोटोतला पुरावा. ते काळं आहे म्हणजे फिल्म ऑर्थो. ते मध्यम करडं असतं तर पॅनक्रोमॅटिक म्हटलं असतं. तुमच्या घरी असा फोटो असेल तर आधी कुंकू आणि केस यांची तुलना करा. झेंडूच्या हारावर मात्र विसंबू नका, केशरीमध्ये पिवळं किती आणि लाल किती यावर तो कसाही उतरतो.

याचा रंगकामाशी काय संबंध? सगळा संबंध आहे. फोटोशॉपमध्ये रंग भरताना आपण एक रंगीत थर घेतो, रंग हवा तेवढ्याच भागावर पडावा म्हणून त्याला मास्क लावतो आणि थराचा मोड ‘कलर’ ठेवतो. हा मोड थरातून फक्त रंग आणि त्याची तीव्रता घेतो. उजळपणा खालच्या काळ्या-पांढऱ्या चित्रातलाच ठेवतो. म्हणूनच तो सोयीचा, सगळ्या चुण्या आणि सावल्या जशाच्या तशा राहतात. पण खालचं चित्रच जर खोटं बोलत असेल तर? काळ्यावर तुम्ही कितीही सुरेख लाल ठेवा, काळंच दिसतं. फार तर करपलेलं तांबडं. रंगीत केलेल्या जुन्या फोटोंमध्ये बायकांचे ओठ जांभळट-काळे आणि चेहरे मातकट का दिसतात, त्याचं एक मोठं कारण हेच. रंग निवडण्यात चूक नसते, फिल्मने पाडलेला अंधार तसाच राहिलेला असतो.

तेव्हा आधी उजळपणा दुरुस्त करायचा आणि मगच रंग. पण किती दुरुस्त करायचा? डोळ्याला बरं वाटेल तेवढं, हे उत्तर मला चालत नाही, कारण डोळ्याला काय बरं वाटतं हे घरातली माणसं ठरवतात, आणि आमच्या घरातल्या माणसांना आजी गोरी हवी आहे.

मी केलं ते असं. देवघरातलं कुंकू हातावर लावलं आणि दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी फोटो काढला. मग चॅनल मिक्सरमध्ये, जिथे लाल, हिरवा आणि निळा यांचं प्रमाण ठरवता येतं, चित्र काळं-पांढरं केलं, एकदा डोळ्याला दिसतं त्या प्रमाणात (लाल ३०, हिरवा ५९, निळा ११) आणि एकदा लाल पूर्ण बंद करून (लाल ०, हिरवा ५०, निळा ५०). दुसरं चित्र म्हणजे ऑर्थो फिल्मची ढोबळ नक्कल. शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरला, तर पहिल्या चित्रात कुंकू ६९ च्या आसपास आलं, दुसऱ्यात २७. माझ्या मनगटाची कातडी पहिल्यात १३९, दुसऱ्यात ११३. नक्कल ढोबळच आहे; प्रत्येक फिल्म, प्रत्येक प्रिंट वेगळी, म्हणून हे आकडे तसेच उचलून आजीच्या चेहऱ्यावर चिकटवायचे नसतात. पण कोण किती खाली घसरतं याचा क्रम त्यातून कळतो. लाल सगळ्यांत जास्त घसरतं, कातडी थोडी घसरते, आणि निळं उलट वर येतं.

निळं वर येतं, इथेच लुगड्याची गोष्ट सुरू होते.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला विचारलं तर ती क्षणभरही न थांबता म्हणाली, ‘आईचं लुगडं डाळिंबी होतं. इरकली. मला लख्ख आठवतंय, मी धरून उभी होते ना.’ लुगडं इरकली आहे हे फोटोतही दिसतं. रुंद गडद काठ, आणि खांद्यावरून पुढे आलेला टोप पदर, त्यातले गडद पट्टे आणि पांढरे दाते. पण अंग? फोटोत लुगड्याचं अंग बऱ्यापैकी फिकं करडं आहे, १३० च्या आसपास. डाळिंबी रंग या फिल्मवर कुंकवाच्या पंगतीला जाऊन बसला असता, काळाकुट्ट. काठ तसा आहेच. अंग नाही.

करड्या रंगाची अडचण ही, की एकाच करड्यामागे शंभर रंग लपू शकतात. राखाडी, फिकट जांभळा, मोरपिशी, निळा, लिंबू, कुठलाही. फिल्मने एवढंच सांगितलं होतं की लाल नाही. बाकीचं सांगितलं गोधडीने.

आमच्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी आहे, आजीनेच शिवलेली, आता कपाटात वरच्या कप्प्यात. तिच्या कडेला एक इरकलीचा तुकडा आहे काठासकट. वरून तो इतका विटलेला की कुठल्या रंगाचा म्हणावं कळू नये. मी कोपऱ्यातले चार टाके उसवले आणि शिवणीत दुमडलेला भाग उलगडला. आत, जिथे कधी ऊन पोचलं नव्हतं आणि साबणही बेताचाच पोचला असेल, तिथे कापड निळं होतं. गडद नव्हे, मधला निळा, बारीक पांढऱ्या उभ्या रेघांचा. काठ तांबडा, किरमिजीकडे झुकलेला. काठावरच्या रेघांची रचना भिंग घेऊन फोटोशी ताडून पाहिली: जाड पट्टा, मग दोन बारीक रेघा, मग नक्षी, मग पुन्हा एक बारीक रेघ. जुळली. त्याच नक्षीची दुसरी लुगडीही घरात असू शकतात, तेव्हा याला मी शपथेवरचा पुरावा म्हणणार नाही. म्हणून त्या तुकड्याचाही फोटो काढून लाल बंद केलं. निळं अंग साध्या करड्यात १०५ होतं, ते १३० पर्यंत वर आलं. काठ ५५ वरून ३० वर घसरला. फोटोतल्या अंगाचं आणि काठाचं अंतर तेवढंच.

मग आत्याचं डाळिंबी कुठून आलं? फोटोतच उत्तर आहे. चार वर्षांच्या मुलीच्या मुठीत आजीच्या पदराचं टोक आहे, आणि इरकलीचा टोप पदर तांबडाच असतो. तिने धरलं होतं ते खरंच डाळिंबी होतं.

आता रंग भरताना दोन्हीकडे उलटी कामं करावी लागली. काठ आणि पदर ‘कर्व्हज’ या उजळपणा बदलायच्या साधनाने उजळ केला, मगच किरमिजी घातला, अंग थोडं गडद केलं, मगच निळं. निळं गडद करायला हात धजत नव्हता, कारण फोटोत ते तसं फिकं, सुंदर दिसत होतं. पण फिकं ठेवून त्यावर निळा चढवला तर तो आकाशी होतो, हल्लीच्या नायलॉनसारखा, आणि सुती-रेशमी लुगड्याचा तो रंगच नाही. काठ उजळ करतानाही मर्यादा आहे. फिल्मला तिथे दिसलंच नव्हतं, त्यामुळे उजळ केल्यावर धाग्यांऐवजी नुसती खरखर वर येते. ती दिसायला लागली की मागे यायचं. माझा काठ खऱ्यापेक्षा जरा गडद राहिला आहे तो म्हणून.

कपड्यांच्या रंगाबद्दल एक भीती लोकांना असते, की जुन्या काळी असे भडक रंग होते का? होते. अ‍ॅलिझरिनचा लाल १८६९ पासून कारखान्यात बनत होता, कृत्रिम नीळ १८९७ पासून. १९४१ मध्ये बाजारात जवळजवळ कुठलाही रंग मिळत होता. नव्हते ते आपण ज्यांना रेडियम रंग म्हणतो ते, अंगातून उजेड फेकणारे. तेव्हा तीव्रतेला एक छत ठेवायचं. लुगड्याच्या उजेडातल्या भागात निळ्याची तीव्रता मी ५० टक्क्यांच्या आत ठेवली, घड्यांच्या आत थोडी जास्त. नवं कापडसुद्धा उजेडात फिकं आणि घडीत गडद दिसतं. एकाच तीव्रतेचा निळा सगळीकडे फासला की ते प्लास्टिक दिसतं.

आजोबांचं धोतर पांढरं, पण नुसतं पांढरं सोडलं तर ते कागदाला पडलेल्या भोकासारखं दिसतं. त्या काळी धोतराला नीळ घालायचे. मी उजेडाच्या बाजूला निळ्याची अगदी पुसट छटा दिली, सावलीत थोडी उबदार, आणि आजीच्या काठाला लागून असलेल्या घडीत किंचित तांबूस. शेजारच्या कापडाचा रंग पांढऱ्यावर पडतोच. हा तांबूस कोणाच्या लक्षात येत नाही, पण काढून टाकला की आजी-आजोबा वेगवेगळ्या फोटोंतून कापून आणल्यासारखे दिसतात.

आणि कातडी.

आई म्हणते, सासूबाई गोऱ्यापान होत्या. काका म्हणतात, गव्हाळ. फोटोत दोघंही सावळे, आजोबा तर चांगलेच. यात फिल्मचा वाटा आहे हे वर आलंच आहे. कातडीतून परत येणाऱ्या प्रकाशात लाल सगळ्यांत जास्त असतो आणि नेमका तोच या फिल्मला दिसत नाही. उन्हाने रापलेले डाग, चट्टे, डोळ्यांखालचं काळं सगळं तिने वाढवून दाखवलेलं आहे. म्हणून उजळ करणं रास्तच, पण मनगटाच्या प्रयोगात कातडी जेवढी घसरली होती साधारण तेवढंच. त्यापुढे गेलं की दुरुस्ती संपते आणि फेअरनेस क्रीमची जाहिरात सुरू होते. माझं मोजमाप असं होतं: उजळ केल्यावर चेहरा आणि पांढरं धोतर यांच्यातलं अंतर, आजीच्या नंतरच्या, लाल नीट दिसलेल्या फोटोतल्या चेहरा आणि पांढऱ्या कापडातल्या अंतराइतकं यावं. त्या नंतरच्या फोटोत आजी गव्हाळ आहे. आईला मी तो फोटो दाखवला. ती म्हणाली, ‘त्या दिवशी ऊन होतं.’

कातडीला एकच रंग नसतो हे प्री-प्रेसमध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात. आम्ही शाईच्या टक्क्यांत विचार करतो: निळसर सायन, किरमिजी मॅजेंटा, पिवळी यलो. आपल्याकडच्या कातडीत यलो मॅजेंटापेक्षा थोडा जास्त आणि सायन मॅजेंटाच्या निम्म्याच्या आत. सायन घटला की माणूस लाजल्यासारखा गुलाबी, वाढला की आजारी. स्क्रीनच्या भाषेत आजीच्या गालाच्या मधल्या उजेडाला मी ह्यू, म्हणजे रंगचक्रावरची जागा, २३ आणि सॅच्युरेशन, म्हणजे तीव्रता, ४४ घेतलं. सावलीत, म्हणजे जबड्याखाली, नाकाच्या बाजूला, ह्यू १६ पर्यंत लालकडे आणि तीव्रता ६० च्या जवळ. कपाळ आणि नाकाच्या शेंड्यावरच्या चकाकीत उलट, ह्यू २८ आणि तीव्रता जेमतेम २०. ती चकाकी कातडीचा रंग नाहीच, खिडकीचा उजेड आहे. तिथे कातडीचा रंग भरला की चेहरा मेणाचा होतो.

मग चेहऱ्याचे प्रदेश. कपाळ पिवळसर, गाल-नाक-कान तांबूस, पुरुषांच्या हनुवटीवर दाढीमुळे राखाडी-निळसर झाक. आजोबांची ती झाक घातली आणि ते एकदम त्या दिवशी सकाळी दाढी करून आलेले दिसायला लागले. बाबा सहा-सात वर्षांचे, त्यांना ती नाही. त्यांचे कान मात्र आजोबांच्यापेक्षा लाल. ओठ काळे उतरले होते ते उजळ केले आणि कातडीपेक्षा थोडाच तांबूस रंग दिला. ओठांना लाल लावण्याचा मोह प्रत्येकाला होतो. स्टुडिओतले हाताने रंगवणारेही गालावर गुलाबी ठिपका आणि ओठांना लाल लावून मोकळे व्हायचे, म्हणून त्या काळचे रंगवलेले फोटो पुरावा म्हणून वापरू नयेत. तो रंग ब्रशचा, माणसाचा नाही. आजोबांचे डोळे घारे; फिल्मने ते आणखी फिके, जवळजवळ काचेचे केले होते. तेही थोडे गडद केले.

केसांना तपकिरी लावू नका, मेंदी लावल्यासारखे दिसतात. तेल लावलेल्या काळ्या केसांवरच्या चमकेत रंग नसतोच, असला तर खिडकीचा गारवा असतो.

मागच्या पडद्यावरून भावंडांचं माझ्याशी सर्वांत मोठं भांडण झालं. पडद्यावर कठडा आहे, फुलदाणी आहे, लांबवर झाडं आणि ढगाळ आकाश. सगळ्यांना तिथे हिरवी झाडं आणि निळं आकाश हवं होतं. पण हे पडदे बहुतेक वेळा कॅमेऱ्यासाठीच रंगवलेले असत, करड्या-तपकिरी छटांमध्ये. चित्रात फक्त उजेड-अंधार उतरणार हे रंगवणाऱ्याला माहीत होतं. हिरवा रंग घेऊन तो फिल्मवर कसा उतरेल याची चिंता कशाला करा? आमच्या पडद्यावर ते दिसतंही. पानं, दगड आणि ढग तिन्ही एकाच ब्रशने, एकाच मवाळ छटांत आहेत, आणि डाव्या बाजूला पडद्याला पडलेली उभी वळी झाड आणि आकाश दोघांतून सरळ खाली जाते. खाली सतरंजीला पडदा टेकतो तिथे त्याची कड दिसते. आकाश निळं केलं की हे सगळं खरी बाग असल्याचा दावा करायला लागतं, आणि मग लगेच डोळ्याला खटकतं, की उजेड खिडकीतून डावीकडून येतोय आणि बागेत ऊन भलतीकडेच आहे. मी पडद्याला तपकिरीकडे झुकणारा करडा दिला, तीव्रता दहा टक्क्यांच्या आत. माणसं आपोआप पुढे आली. सतरंजीचे पट्टे मात्र कोणी बघितलेले नाहीत, कापड उरलेलं नाही. गडद पट्ट्यांना लाल आणि फिक्यांना निळा दिला कारण फिल्मचा हिशेब तसा बसतो आणि बाजारात तशा सतरंज्या सर्रास मिळतात. तो अंदाज आहे.

स्कॅनिंगबद्दल दोनच गोष्टी. काळ्या-पांढऱ्या फोटोचंही स्कॅनिंग रंगीत आणि १६ बिटमध्ये, म्हणजे छटांच्या जास्त बारीक पायऱ्यांत करायचं. कागद जुनाट पिवळा पडलेला असतो. तो पिवळेपणा आणि चहाच्या रंगाचे डाग निळ्या चॅनलमध्ये उठून दिसतात आणि लालमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. तेव्हा लाल चॅनल घेऊन त्यावर काम सुरू केलं की डागांची निम्मी लढाई संपते. (फोटोवर निळ्या शाईचा शिक्का असेल तर उलट, निळा चॅनल.) दुसरं, जुन्या प्रिंटच्या काळ्या भागात, विशेषतः कडांना, चांदी वर येऊन आरशासारखी निळसर चकाकते. स्कॅनर ती चकाकीच टिपतो. अशा वेळी फोटो सपाट ठेवून दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड देऊन कॅमेऱ्याने टिपणं बरं.

राहिला आजोबांचा कोट. फोटोत तो काळा आहे आणि या फिल्मवर काळा कोट काळाच उतरतो, तपकिरी कोटही काळा, किरमिजीही काळा. काकांना आठवत नाही, आत्या म्हणते काळा, पण तिने पदर धरला होता, कोट नाही. कोटाच्या कॉलरवर उजेड पडला आहे तिथेही काही हाती लागलं नाही. काळाच ठेवला, तपकिरीची नखभर झाक देऊन, म्हणजे फार चूक ठरू नये.

मूळ फाइलमध्ये थरांचे तीन गट केले आहेत. ‘पुरावा’मध्ये कुंकू, लुगडं, पदर. ‘हिशेब’मध्ये कातडी, डोळे, पडदा, धोतर. ‘अंदाज’मध्ये कोट, सतरंजी, बाबांची टोपी आणि आत्याचं परकर-पोलकं. काळं-पांढरं मूळ स्कॅन वेगळं, हात न लावलेलं, आणि रंगीत प्रिंटच्या मागे कोणते रंग अंदाजाचे तेही लिहिलं आहे. चुलतभावाने फाइल मागून घेतली, ‘अंदाज’ गट उघडला आणि कोट निळा केला. त्याच्याकडच्या दिवाणखान्यात निळा शोभतो, असं त्याचं म्हणणं. पडद्यालाही तो हात लावणार होता. पण तो थर मी कुलूप लावून पाठवला होता, आणि कुलूप कसं काढायचं ते त्याने अजून विचारलेलं नाही.